परिचयाची शेवटची ओळ

आमच्या शाळेच्या भिंतीवर त्या काळी जेवढे राष्ट्रीय नेते चिकटवलेले होते, ते सगळेच्या सगळे रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठे झालेले होते. निम्मे पुरात उडी टाकून नदी पोहून गेलेले. दोघा-तिघांनी लहानपणी विंचू चावल्यावर हूं की चूं केलं नव्हतं. दरवर्षी मुली परिचयाची ही पानं मागच्या वर्षीच्या पानांवरून उतरवून काढायच्या, बाई लाल पेन्सिलीने ‘छान’ लिहायच्या आणि सव्वीस जानेवारीला पाहुणे ती बघून मान डोलवायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मी नववीत गेले त्या वर्षी इतिहासाला नवे सर आले. उंच, किरकिरे, पांढऱ्या सदऱ्याची वरची गुंडी कायम लावलेली. पहिल्याच आठवड्यात ते हात मागे बांधून ती भिंत वाचत गेले आणि वर्गात येऊन म्हणाले, “आपल्या देशात एवढे दिवे होते तर इंग्रज अंधारात कसे काय राज्य करत होते?” आम्ही हसलो नाही. हसायचं असतं हे कळलंच नाही.

मग त्यांनी प्रकल्प सांगितला. दोघी-दोघींनी मिळून एका नेत्याचा परिचय लिहायचा. फुलस्केपचं एक पान, एकच बाजू. त्यात फक्त खात्रीची माहिती. पहिल्या सत्रात माहिती गोळा करायची, दुसऱ्या सत्रात लिहायचं आणि सव्वीस जानेवारीला भिंतीवर लावायचं. खात्री म्हणजे काय, हे त्यांनी फळ्यावर लिहून दिलं. छापील पुस्तक चालेल, पण दोन हवीत, आणि एकाने दुसऱ्यावरून उतरवलेलं असेल तर ती दोन मिळून एकच. त्या दिवसाचं वर्तमानपत्र चालेल. किंवा ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असा माणूस चालेल, पण त्याने पानाच्या खाली नाव लिहून सही केली पाहिजे. ‘असे म्हणतात’ बाद. ‘थोर’ बाद, ‘महान’ बाद, ‘लोकांच्या हृदयात स्थान’ तर बादच बाद.

“मग सर, उरलं काय?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“तेच बघायचंय,” सर म्हणाले.

नेत्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही एका बाकावरच्या, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एकाच बोळातल्या. आमच्या वाट्याला आले ते दिल्लीत विरोधी बाकावर बसणारे एक खासदार. नाव मी इथे घेत नाही. त्यांचंच काय, कुणाचंच घेणार नाही. मैत्रीण मात्र चिठ्ठी बघून उडीच मारायची राहिली. तिच्या वडिलांनी, म्हणजे ज्यांना मी काका म्हणायचे त्यांनी, सोलापुरातल्या सभेत याच नेत्याच्या गळ्यात हार घातला होता. काका सुताच्या एका पेढीवर कारकून. संध्याकाळी पक्षाच्या खोलीवर जाऊन सभेचे फलक रंगवायचे, सतरंज्या अंथरायचे, सभा संपली की त्याच गोळा करायचे. हा त्यांचा पक्षातला हुद्दा.

चिठ्ठ्या टाकल्या आणि महिना संपायच्या आत देशात आणीबाणी लागली. आमचा नेता पहिल्याच फेरीत आत गेला. हे पक्षाच्या खोलीवर आणि शिक्षकांच्या खोलीत ठाऊक होतं आणि एकाही वर्तमानपत्रात नव्हतं. कुणाला धरलं, कुठे ठेवलं, हे छापायला बंदीच होती. एका बाईंनी सरांना सुचवलं, “त्या दोघींना दुसरं नाव द्या ना. कशाला उगाच?” सर म्हणाले, “चिठ्ठी निघाली ती निघाली.”

आणि पावसाळ्यात एका सकाळी काकांनाही नेलं. दूध तापत होतं, काका दाढी करत होते. पोलिसांनी दाढी पुरी करू दिली, एवढं सौजन्य. काकूंनी विचारलं, का नेताय? तर कारण सांगायचं नसतं, असं उत्तर मिळालं. दूध उतू गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता आमच्या बोळाबद्दल सांगते. वाईट माणसं नव्हेत. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही खोड सगळ्यांना. त्या दिवसांत रेडिओ सकाळ-संध्याकाळ ओरडत असायचा, तस्करांना धरलं, साठेबाजांना धरलं, काळाबाजारवाल्यांना धरलं. राजकारणातली माणसं धरली, हे रेडिओ सांगत नव्हता. मग बोळाने हिशोब केला. काका कामाला कुठे? सुताच्या पेढीवर. सूत कशात जातं? काळ्या बाजारात. झालं! “उगाच कोण नेतंय व्हय? कायतरी केलंच असणार की.” सतरंज्या उचलणाऱ्या माणसाला कोण राजकारणात धरेल, असंही लोकांना वाटलं असेल. पेढीच्या मालकाने तर कानावर हात ठेवले आणि काकांच्या जागी आपला भाचा बसवला.

मैत्रिणीला शाळेत कुणी तोंडावर काही बोललं नाही. डबा खाताना तिच्या शेजारची जागा मात्र मोकळी राहायला लागली. मी बसायचे. मला कुणी काही बोलायची सोय नव्हती, मी चावरी म्हणून प्रसिद्ध होते.

आमचं पान पुढे सरकत होतं. शाळा सुटल्यावर आम्ही वाचनालयात जायचो. पहिलीच अडचण आली ती जन्मसालाची. एका चरित्रकोशात एक साल, दुसऱ्या पुस्तकात दुसरं. ग्रंथपालांनी खासदारांच्या माहितीचं एक जाड इंग्रजी पुस्तक काढून दिलं, त्यात पहिल्याशी जुळणारं निघालं. आम्ही विजयी मुद्रेने सरांकडे गेलो.

“या पुस्तकाला ही माहिती कुणी दिली?”

“त्यांनी स्वतःच, सर.”

“स्वतःचा जन्म कुणी पाहिलेला असतो का?” सर म्हणाले. मग आमची तोंडं बघून जरा नरमले. “‘खासदारांच्या माहितीपुस्तकानुसार’ असं लिहा आणि साल द्या. कुणाच्या शब्दावर लिहिलंय ते सांगितलं की आपली जबाबदारी तेवढीच.”

असं एकेक वाक्य भाजून निघायचं. ‘गरीब कुटुंबात जन्म झाला’, गरीब म्हणजे किती, कुणी मोजलं? खोडा. ‘वडील शिक्षक होते’, ठीक. ‘तरुणपणी चळवळीत उडी घेतली’, उडी खोडा; तुरुंगात गेले ते साल मिळतंय का बघा. मिळालं, दोन पुस्तकांत मिळालं, आणि दोन्ही वेगळ्या लेखकांची, वेगळ्या प्रकाशकांची. ‘प्रभावी वक्ते’ खोडा. ‘कितव्या निवडणुकीत कुठून निवडून आले’ ते ठेवा. ‘सोलापुरात सभा झाली’, कशावरून? त्याला वाचनालयातलं जुनं वर्तमानपत्र सापडलं. मैत्रिणीला त्या बातमीत ‘कार्यकर्त्यांनी हार घातला’ एवढंच दिसलं. तिने ते वाक्य तीनदा वाचलं. कार्यकर्त्याचं नाव नव्हतं.

खोडून खोडून दिवाळीनंतर आमच्याकडे जे उरलं ते पानाच्या दोन-तृतीयांश भरलं. आणि गंमत म्हणजे, मला तो माणूस पहिल्यांदाच खरा वाटायला लागला. विंचू नाही, दिवा नाही, शिक्षकाचा मुलगा, दोनदा निवडणूक हरलेला. हरल्याचं एकाही परिचयात नसतं.

शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं. फळ्यावरच्या आराखड्यात शेवटचा मुद्दा होता ‘सध्या’. बाकीच्या मुलींचं सोपं होतं. ‘सध्या मंत्री आहेत’, ‘अमुक साली निधन झाले’. आमचं काय? मी लिहिलं, ‘सध्याची माहिती खात्रीच्या साधनांतून मिळू शकली नाही.’ सरांना आवडलं. ते म्हणाले, हे वाक्य पूर्ण खरं आहे, आणि ज्याला समजायचं त्याला समजेल.

मैत्रीण म्हणाली, “नाही.”

सर चष्म्याच्या वरून बघायला लागले. ही मुलगी वर्गात ‘हजर’ सुद्धा हळू म्हणायची.

“ते जेलात आहेत सर. आमच्या आईनं बघितलंय. स्वतःच्या डोळ्यानं.”

तेव्हा मला ती हकीगत कळली. काकूंना मुलाखतीची, म्हणजे जेलात जाऊन काकांना भेटायची, परवानगी मिळाली होती. अर्ज करायचा, वाट बघायची, कागद आला की रात्रीच्या गाडीने जायचं. जेल लांबचा. नवरा-बायकोच्या मधे टेबल, टेबलाशी एक साहेब बसलेला. बोलायचं ते फक्त घरचं, आणि तेही साहेबाला समजेल अशा भाषेत. काका-काकू मूळचे दुधनीकडचे, जन्मभर एकमेकांशी कन्नडच बोललेले. बाजारात, आमच्याशी मराठी, पण एकमेकांशी? “नवऱ्याशी मराठीत बोलताना कुणा परक्या माणसाशी बोलल्यागत झालं गं,” काकूंनी नंतर मला सांगितलं होतं. “म्या विचारलं, तब्येत कशी आहे आपली? ‘आपली’ म्हणाले मी त्यास्नी! दोघं बी लाजलो.”

त्या मुलाखतीच्या आधी बाकावर बसलेल्या असताना काकूंनी आमच्या नेत्याला बघितलं होतं. हातात पितळी तांब्या, सोबत एक शिपाई. काकूंनी उठून नमस्कार केला, त्यांनी तांब्या काखेत धरून हात जोडले. आत गेल्यावर काकांनी सांगितलं, “व्हय, तेच. पलीकडच्या बराकीत हायत.” साहेबाने टेबलावर बोट आपटलं, हे घरचं नव्हे म्हणून.

“आई सही करेल?” सरांनी विचारलं.

“करेल,” मैत्रीण म्हणाली. आईला न विचारता म्हणाली.

घरी मी तिच्याबरोबर गेले. काकू जात्याजवळ ज्वारी निवडत होत्या. मुलीचं ऐकलं आणि सूप बाजूला आदळलं.

“येडी का काय तू? पानावर माजं नाव? सरकारी पाहुणं येणार, वाचणार, आणि मग? तुज्या एका ओळीपायी तुज्या बापाचं तोंड बघायचं बंद करू व्हय मी?”

मैत्रीण रडली नाही, तेच मला बरं वाटलं नाही. ती उभ्या उभ्या म्हणाली, “ते भिंतीवर लागलं ना, म्हणजे सगळे वाचतील. एवढा मोठा माणूस जेलात आहे, हे एकदा वाचलं की मग कळेल त्यांना. जेल चोराचंच नसतं. अप्पा चोर नाहीत, हे कोण सांगणार मग? तू सांगतेस का कुणाला?”

काकू ज्वारीतले खडे काढत राहिल्या. मी घरी आले. मला त्या दिवशी कळलं की ह्या पानावर आमचा नेता नव्हताच, भिंतीवर तिला लावायचे होते तिचे वडील. त्यांचा परिचय लिहायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लिहिला असता तर त्यात एक ओळ बसली असती, ‘सुताच्या पेढीवर कारकून’.

सरांनीही घाई केली नाही. उलट काकूंना निरोप धाडला की सही नको, आपण ‘माहिती मिळाली नाही’ असंच ठेवू. शहाणपणाचंच होतं ते. तसंच राहिलं असतं.

मग संक्रांत आली. सोलापुरात संक्रांत म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गड्ड्याची जत्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, घरोघर पाहुणे. आमच्या बोळात बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जायच्या. त्या वर्षी आमच्या घरी होतं. आमची अव्वा, म्हणजे आई, सकाळपासून पूजेच्या ताटापासून बोरांपर्यंत सगळं मांडत होती. मी बोलावणी करायला निघाले तर तिने बोटांवर घरं मोजून दिली. एक घर मोजलं नाही.

“काकूंचं?”

“जाऊ दे यंदा,” अव्वा म्हणाली. “चार बायका येणार. त्यांच्यात कुजबुज होणार. तिलाच वाईट वाटंल की.”

तिच्याच भल्याचं! आमच्या अव्वाला मी काय काय बोलले ते आता लिहिण्यात अर्थ नाही. ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हे आणि मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. शेवटी मी बोलावणी करायला गेलेच नाही, धाकट्या बहिणीला पाठवलं. संध्याकाळी बायका आल्या. काकूंचं दार आमच्या दारासमोर तिरकं. त्यांनी पायरीवर पाणी शिंपडलं होतं, नवं लुगडं नेसल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या. सवाष्ण बाई, नवरा जिवंत, धडधाकट. एकेक बाई त्यांच्यासमोरून कुंकू लावून गेली. काकू सगळ्यांकडे बघून हसत होत्या. शेवटची गेली तशा आत गेल्या आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी काकू शाळेत आल्या. नवं लुगडंच नेसून आल्या. सर शिक्षकांच्या खोलीत होते. आम्हाला दोघींना बोलावलं गेलं.

“कुटं करायची सही?” काकू म्हणाल्या.

सरांनी त्यांना खुर्ची दिली. आणि मग त्यांनी जे केलं त्याचा मला तेव्हा राग आला. त्यांनी काकूंची उलटतपासणी घेतली. तुम्ही त्यांना किती लांबून पाहिलं? “ह्या दारापासनं त्या कपाटापातूर.” आधी कधी पाहिलं होतं? “सभेला. पहिल्या रांगेत होते मी, मालक हार घालणार म्हणून.” चष्मा होता का? “व्हय, काळ्या काड्यांचा. एक काडी दोऱ्यानं बांधलेली.” आज ते तिथे आहेत का?

काकू अडखळल्या. “असतील की. जातील कुटं?”

“पण तुम्ही पाहिलंय ते त्या एका दिवशी.”

“व्हय.”

“मग ‘आहेत’ नाही लिहिता येणार. ‘त्या दिवशी होते’ असं लिहू.” सरांनी पेनाला टोपण लावलं. “आणि बाई, मला हेही सांगितलं पाहिजे. सही केली तर तुमची मुलाखत बंद होऊ शकते. होईलच असं नाही. पण होऊ शकते. माझ्या हातात काही नाही. तुम्ही आत्ता उठून घरी गेलात तरी पोरींचे गुण कमी होणार नाहीत.”

काकूंनी मुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं त्या काही विचारणार. त्या म्हणाल्या, “तुजं अक्षर चांगलंय म्हणं. नीट लिही. डाग पाडू नको.”

मी लिहिलं. ‘याच हिवाळ्यात एका दिवशी हे नेते कारागृहात होते. ही गोष्ट खाली सही करणाऱ्या व्यक्तीने स्वतः तेथे पाहिली आहे.’ काकूंनी खाली सही केली. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आणि सही झाल्यावर त्यांनी विचारलं, “तितं मी का गेले होते, ते लिवायचं न्हाय का? नवऱ्याला भेटायला गेले होते. ती बी खात्रीचीच गोष्ट हाय.”

सरांनी टोपण काढून पेन त्यांच्याच हातात दिलं. काकूंनी सहीच्या पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘पतीच्या मुलाखतीस गेले असता’. तेवढ्या पानात तीच एक ओळ वाकडी होती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या आधी मुख्याध्यापकांनी भिंत तपासली. आमच्या पानापाशी थांबले, खालपर्यंत गेले आणि सरांना हाक मारली. आम्ही रांगेत उभ्या होतो, सगळं ऐकू येत होतं.

“हे काढा.”

“चूक दाखवा,” सर म्हणाले. “एक वाक्य चुकीचं असेल तर आत्ता काढतो.”

“चूक नाही म्हणूनच काढा म्हणतोय. थापा असत्या तर राहू दिलं असतं.” मुख्याध्यापक तसे भले गृहस्थ. “माझी पोरंबाळं आहेत हो.”

तेवढ्यात पाहुण्यांची जीप फाटकात आली आणि बँड सुरू झाला. पान राहिलं. पाहुण्यांनी भिंत बघितलीच नाही, त्यांना दुसरीकडे झेंडा होता. पण आमच्या बोळातल्या बायका आल्या होत्या, कवायत बघायला. एकीने वाचलं, तिने दुसरीला ओढून आणलं. जिला वाचता येत नव्हतं तिला तिच्या पोरीने वाचून दाखवलं. आमची अव्वाही वाचत होती, ओठ हलवत, सावकाश. ती शेवटच्या ओळीवर आली, परत वर गेली, नेत्याचं नाव वाचलं, पुन्हा खाली आली. मी तिच्याकडे बघतेय हे बघून पदर सारखा केला आणि निघून गेली. दुपारी शिपायाने पान काढून नेलं. पुढच्या वर्षी सरांना इतिहासाऐवजी भूगोल दिला.

काकूंचा पुढचा अर्ज नामंजूर होऊन आला. कारण दिलं नव्हतं. आता मी सरांची विद्यार्थिनी आहे, तेव्हा सहीमुळेच मुलाखत बंद झाली असं मी लिहू शकत नाही. त्या सुमारास इतर काही जणांच्याही बंद झाल्या होत्या असं ऐकलं, पण ऐकलेलं बाद. अर्ज केला, नाही म्हणाले, एवढीच खात्रीची गोष्ट. मैत्रिणीने मला वर्गात हळूच सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणाली. आईने बजावलंय, म्हणाली.

का बजावलंय ते मला दोन-तीन दिवसांत दिसलं. मी त्यांच्याकडे गणिताची वही आणायला गेले होते. काकू चुलीशी होत्या. दारात आमची अव्वा उभी राहिली. संक्रांतीनंतर ती पहिल्यांदाच त्या उंबऱ्याशी आली होती. हातात पत्र्याचा डबा, फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या. आत आली नाही. कुंकवाची कोयरी कमरेला खोचून आणली होती, ती काढून आधी काकूंना कुंकू लावलं. काकूंनी कपाळ पुढे केलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

“शेंगाची चटणी हाय,” अव्वा म्हणाली. “भाकरी महिनाभर टिकंल. तितलं जेवण कसलं असतंय कुणास ठाऊक. पुढच्या बारीला जाशील ना भेटायला, तवा भावजींना दे. माजं नाव सांग.”

अव्वा काकांना भावजी म्हणायची, पण गेल्या कित्येक महिन्यांत तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी काकूंकडे बघितलं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. मी तोंड उघडलं होतं, बोलणारही होते. काकूंनी मान किंचित हलवली, नाही म्हणून.

मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी डबा घेतला.

“देते की,” काकू म्हणाल्या.